हिंदीतला ‘ने’: मराठी माणूस नेमका कुठे चुकतो

मी मोठ्या माणसांना हिंदी शिकवते. बदली होऊन भोपाळ, लखनौ, जयपूरला जाणारे बरेच जण येतात. बोलणं त्यांना जमतं, सगळं समजतंही. पण लिहायची वेळ आली की तीच चूक पुन्हा पुन्हा होते. मागे एकाने भोपाळहून मला या ओळी पाठवल्या:

> कल मैं बाज़ार से दूध लाया। फिर मैं चाय पिया। मैं माँ को फ़ोन किया। माँ ने कही कि सीता घर आई थी। सीता नई साड़ी पहनी थी। माँ ने सीता को खाने पर बुलाई थी। मैं फ़ोन पर उसकी आवाज़ सुना। हमने दिवाली पर घर जाना चाहिए।

आठ वाक्यांपैकी पहिलं तेवढं बरोबर आहे. कार्यालयातल्या सहकाऱ्याने त्याला सांगितलं, ‘अरे भाई, ने लगाओ।’ मग त्याने सगळीकडे ‘ने’ लावला, आणि जे एक वाक्य बरोबर होतं तेही ‘मैंने दूध लाया’ होऊन बिघडलं. ‘भूतकाळात ने लावायचा’ एवढ्यावर काम भागत नाही ते यामुळेच.

गंमत अशी की हे यंत्र मराठीत जवळजवळ जसंच्या तसं आहे. शाळेत आपण तीन प्रयोग शिकलो. ‘तो आंबा खातो’ हा कर्तरी, ‘त्याने आंबा खाल्ला’ हा कर्मणी, ‘त्याने मांजरीला मारलं’ हा भावे. हिंदीतही हेच तीन आहेत: ‘वह आम खाता है’, ‘उसने आम खाया’, ‘उसने बिल्ली को मारा’. तमिळ किंवा बंगाली माणसाला हा सगळा प्रकार नव्याने शिकावा लागतो, आपल्याला नाही. आपण चुकतो ते फक्त जिथे दोन भाषांचे सांधे जुळत नाहीत तिथे, आणि असे सांधे मोजकेच आहेत.

‘मैं चाय पिया’, ‘मैं फ़ोन किया’

पहिला सांधा ‘मी’चा. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्यांनी’ यांत प्रत्यय दिसतो. पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागत नाही. ‘मी फोन केला’ यात ‘मी’ कोराच दिसतो. म्हणून आपण हिंदीतही ‘मैं’ कोरा ठेवतो. पण नीट पाहा: ‘मी फोन केला’ हे वाक्य बाई म्हणो की पुरुष, ‘केला’ बदलत नाही, कारण ते ‘फोन’कडे बघून चाललेलं आहे. मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. म्हणजे हा कर्मणीच प्रयोग; ‘मी’ इथे प्रथमेचं दिसत असलं तरी काम तृतीयेचं करतंय. जुन्या मराठीत आणि आजही कित्येक खेड्यांत लोक ‘म्या केलं’ म्हणतात, जुन्या कवितेत ‘त्वा’ भेटतं. ती खरी तृतीयेची रूपं. प्रमाण मराठीने ती सोडली आणि ‘मी’, ‘तू’ यांच्यावरच भागवलं. हिंदीने मात्र ‘मैंने’, ‘तूने’, ‘हमने’, ‘तुमने’, ‘आपने’ अशी सगळी रूपं उघड ठेवली.

शंका आली की ‘मी’च्या जागी एखादं नाव घालून बघा. ‘मी फोन केला’ – ‘सुनीताने फोन केला’. ‘ने’ बाहेर आला, म्हणून हिंदीत ‘मैंने फ़ोन किया’. ‘मी घरी गेलो’ – ‘सुनीता घरी गेली’. ‘ने’ आला नाही, म्हणून ‘मैं घर गया’. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त चुका या एका बदलाने जातात.

लिहितानाची एक बारीक गोष्ट इथेच सांगते. मराठीत प्रत्यय नेहमी जोडून लिहितो. हिंदीत सर्वनामाला जोडतात, नामापासून तोडतात: ‘मैंने’, ‘उसने’, ‘किसने’, ‘उन्होंने’, पण ‘सीता ने’, ‘लड़के ने’, ‘लड़कों ने’. आपल्याकडे एकवचनी ‘ने’ आणि अनेकवचनी ‘नी’ असा भेद आहे, हिंदीत दोन्हीकडे ‘ने’च.

‘सीता नई साड़ी पहनी थी’

आता वरची कसोटी जिथे फसवते ते पाहू. सगळ्यात जास्त वेळ मी याच ठिकाणी घालवते, कारण इथे मराठीचा कानच चुकीचं सांगतो.

मराठीत काही क्रियापदं कर्म घेतात, तरी भूतकाळात कर्तरीच राहतात. ‘ती साडी नेसली’. साडी हे कर्म आहे, तरी आपण ‘तिने साडी नेसली’ म्हणत नाही. तशीच ही: तो मराठी शिकला, तो चहा प्याला, आई म्हणाली, कुत्रा मला चावला. नाव घालून पाहिलं तर ‘सुनीता चहा प्याली’ असंच येईल, ‘ने’ दिसणारच नाही, आणि तुम्ही खुशाल ‘सुनीता चाय पी’ लिहाल. हिंदीत यांतल्या एकालाही सूट नाही:

ती साडी नेसली – उसने साड़ी पहनी।
तो हिंदी शिकला – उसने हिंदी सीखी।
मी चहा प्यालो – मैंने चाय पी।
आई म्हणाली – माँ ने कहा।
कुत्रा मला चावला – कुत्ते ने मुझे काटा।

‘तो जेवला’चंही तसंच होतं. हिंदीत जेवणे या अर्थी रोजचं क्रियापद ‘खाना खाना’ आहे, ते सकर्मक आहे, म्हणून ‘उसने खाना खाया’. शिंकणं आणि थुंकणं तर मराठीत साधी अकर्मक, ‘तो शिंकला’, ‘तो थुंकला’. पण हिंदीत ‘उसने छींका’, ‘उसने थूका’. ही दोन पाठच करावी लागतात, त्यांच्यामागे कर्माचा आधार नाही.

‘विसरणे’ आणि ‘बोलणे’ मात्र दोन्ही भाषांत एकाच बाजूला आहेत. तो माझं नाव विसरला – वह मेरा नाम भूल गया. ती बोलली – वह बोली. इथे मराठी कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तरेत बोलताना ‘उसने बोला’ सर्रास ऐकू येईल, आणि ‘झूठ बोलना’बरोबर तर ‘उसने झूठ बोला’ हे लिहिण्यातही चालतं. पण लिहिताना ‘वह बोला’ किंवा ‘उसने कहा’ यांतलं एक धरा, कुणी लाल रेघ मारणार नाही. भेटण्याचंही अवघड नाही: ‘मी त्याला भेटलो’ हे ‘मैं उससे मिला’ होतं, ‘ने’ कुठेच नाही, फक्त ‘ला’चा ‘से’ करायला विसरू नका.

‘मैंने दूध लाया’

हा उलटा सांधा. मराठीत ‘त्याने दूध आणलं’, ‘त्याने पुस्तक नेलं’, दोन्हीकडे ‘ने’. हिंदीत दोन्हीकडे नाही: ‘वह दूध लाया’, ‘वह किताब ले गया’. कर्म समोर असताना ‘ने’ का नाही, हे कळलं की विसरायला होत नाही. ‘लाना’ म्हणजे मुळात ‘ले आना’, घेऊन येणं. ‘ले जाना’ म्हणजे घेऊन जाणं. शेवटी उभं असलेलं क्रियापद येण्याजाण्याचं आहे, आणि येण्याजाण्याला ‘ने’ लागत नाही. म्हणून आमच्या विद्यार्थ्याचं पहिलं वाक्य नकळत बरोबर होतं.

याच धाग्याने आणखी एक मोठा गुंता सुटतो. हिंदीत दोन क्रियापदं जोडून आली की ‘ने’चा निर्णय बहुतेक वेळा शेवटचं घेतं. ‘उसने सारी मिठाई खा ली’, कारण शेवटी ‘लेना’ आहे. ‘वह सारी मिठाई खा गया’, कारण शेवटी ‘जाना’. मिठाई तीच, फस्त करणाराही तोच. पण पहिल्यात ‘ली’ मिठाईशी जुळलं, दुसऱ्यात ‘गया’ माणसाशी. सकना, चुकना, पाना, लगना ही चारही शेवटी आली की ‘ने’ उडतो: ‘मैं पत्र नहीं लिख सका’, ‘वह काम कर चुकी है’, ‘हम टिकट नहीं ले पाए’, ‘सीता गाने लगी’. यातलं ‘चुकना’ आपल्याला अडखळवतं. ‘माझं काम करून झालं’ असं मनात असलं की हिंदीत ‘मैंने काम कर चुका’ असं अर्धवट काहीतरी बाहेर पडतं. त्याऐवजी ‘मैं काम कर चुका हूँ’ म्हणा, नाहीतर ‘मैंने काम कर लिया है’. दोन्ही शुद्ध आहेत, फक्त त्यांची सरमिसळ नको.

आणि हे सगळं फक्त पूर्ण झालेल्या क्रियेचं. ‘खाया’, ‘खाया है’, ‘खाया था’, ‘खाया होगा’ यांत ‘ने’ येतो. ‘खाता था’ आणि ‘खा रहा था’ भूतकाळातले असूनही कर्तरी: ‘मैं रोज़ खाता था’. मराठीत ‘मी रोज खायचो’ यात ‘ने’ नसतो, तसंच.

क्रियापद कुणाशी जुळवायचं

‘ने’ बसला की अर्धं काम झालं. आता ‘पिया’ की ‘पी’, ‘सुना’ की ‘सुनी’? माझ्या मते इथे एकच प्रश्न विचारावा: वाक्यात कोणत्या नामाच्या मागे काही लागलेलं नाही?

कर्ता कोरा असेल तर क्रियापद कर्त्याशी जुळतं. कर्त्याला ‘ने’ लागला असेल तर कर्माकडे बघा. कर्म कोरं असेल तर क्रियापद त्याच्याशी जुळतं. कर्मालाही ‘को’ लागला असेल तर क्रियापद कुणाशीच जुळत नाही, ते पुल्लिंगी एकवचनात थांबतं: देखा, बुलाया, मारा.

‘माँ ने सीता को बुलाई थी’ ही चूक याच तिसऱ्या पायरीवरची. मराठीत ‘आईने सीतेला बोलावलं’ हा सरळ भावे प्रयोग आहे, क्रियापद नपुंसकलिंगी. पण बोलताना आपण ‘तिला बोलावली’, ‘त्याला मारला’ असंही म्हणून जातो, आणि ती सवय हिंदीत शिरते. हिंदी इथे फार कडक आहे: ‘सीता को बुलाया’, ‘लड़कियों को बुलाया’, ‘सबको बुलाया’. आपलं ‘बोलावलं’ जिथे येतं तिथे हिंदीचं ‘बुलाया’, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्याची जागा पुल्लिंगी एकवचन भरून काढतं.

पण ‘को’ दिसला की डोळे मिटून ‘आ’ लावू नका. ‘मैंने सीता को किताब दी’. इथे ‘को’ सीतेला आहे, पण दिलेली वस्तू किताब आहे आणि ती कोरी आहे, म्हणून ‘दी’. ‘मैंने बच्चे को रोटी खिलाई’चंही तेच. कोरं नाम शोधायचं, ‘को’ नव्हे.

‘माँ ने कही’ कसं आलं तेही आता दिसेल. मराठीत ‘आई म्हणाली’, म्हणून ‘ई’ मनात बसलेली. हिंदीत आईला ‘ने’ लागल्यावर तिचं लिंग क्रियापदाला दिसेनासं होतं. पुढे ‘कि सीता घर आई थी’ हे अख्खं वाक्यच कर्म आहे. वाक्याला लिंग नसतं, म्हणून ‘कहा’. तेच ‘माँ ने एक बात कही’ म्हटलं तर ‘बात’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘कही’.

अनेकवचनात एक बिंदी सांभाळावी लागते. ‘मैंने दो रोटियाँ खाईं’ यात अनुस्वार क्रियापदावर, पण ‘मैंने दो रोटियाँ खाई हैं’ यात तो ‘हैं’वर सरकतो. दोन्हीकडे देऊ नका.

उरतं ते लिंग, आणि ते नियमाने येत नाही. आपल्या तीन लिंगांची हिंदीत दोन होतात आणि वाटणी मनाला येईल तशी झालेली आहे. ‘मी पुस्तक वाचलं’, पण हिंदीत पुस्तक आणि किताब दोन्ही स्त्रीलिंगी: ‘मैंने पुस्तक पढ़ी’. दुकान आपल्याकडे ‘ते’, तिकडे स्त्रीलिंगी: ‘उसने दुकान खोली’. औषध घेतलं – दवा ली. पत्र मात्र पुल्लिंगी, ‘पत्र लिखा’, आणि गाणंही, ‘गाना गाया’. सगळ्यात फसवे ते शब्द जे दोन्ही भाषांत सारखेच दिसतात आणि लिंग मात्र वेगळं. ‘मी आवाज ऐकला’, पण ‘मैंने आवाज़ सुनी’. ‘चहा’ पुल्लिंगी, ‘चाय’ स्त्रीलिंगी. ‘मी प्रयत्न केला’ म्हणून ‘मैंने कोशिश किया’ लिहिलं जातं. कोशिश स्त्रीलिंगी, म्हणून ‘कोशिश की’. माझ्या विद्यार्थ्यांना मी नवा शब्द कधीच सुटा लिहू देत नाही. ‘आवाज़’ नाही लिहायचं, ‘आवाज़ सुनी’ लिहायचं. ‘दुकान’ नाही, ‘दुकान खोली’. महिन्याभरात कानालाच ‘आवाज़ सुना’ खटकायला लागतं.

जिथे मराठीचा ‘ने’ आहे, पण हिंदीचा नाही

‘हमने दिवाली पर घर जाना चाहिए’. महाराष्ट्रातली हिंदी ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण आहे. मराठीत ‘त्याने यावं’, ‘सुनीताने जायला हवं’, ‘तिने सांगायला पाहिजे’ यांत ‘ने’ असतो, आपल्या अंगवळणी पडलेला. हिंदीतलं ‘चाहिए’ मात्र ‘को’ मागतं: ‘उसे आना चाहिए’, ‘हमें जाना चाहिए’, ‘सीता को बताना चाहिए’. ‘आता त्याने काय करायचं?’ हेही ‘अब उसने क्या करना?’ नव्हे, ‘अब उसे क्या करना है?’ दिल्ली-पंजाबकडे ‘मैंने जाना है’ ऐकाल, ती पंजाबीची सावली आहे. अर्जात किंवा परीक्षेत लिहू नका.

दुसरं, आपला ‘ने’ साधनालाही लागतो: सुरीने कापलं, बसने आलो. हिंदीत तिथे ‘से’: ‘चाकू से काटा’, ‘बस से आया’. यात फार कुणी अडकत नाही, पण घाईत ‘बस ने आया’ लिहिलेलं मी पाहिलं आहे.

आता त्या ओळी दुरुस्त करून वाचा, आणि प्रत्येक बदल कोणत्या सांध्यावरचा ते मनात ओळखा:

> कल मैं बाज़ार से दूध लाया। फिर मैंने चाय पी। मैंने माँ को फ़ोन किया। माँ ने कहा कि सीता घर आई थी। सीता ने नई साड़ी पहनी थी। माँ ने सीता को खाने पर बुलाया था। मैंने फ़ोन पर उसकी आवाज़ सुनी। हमें दिवाली पर घर जाना चाहिए।

एक अडचण बाहेरूनही येते. भोपाळात त्याच्या शेजारी बिहारकडचं एक कुटुंब होतं आणि ते ‘हम खाना खाए’ म्हणायचे. त्याने मला विचारलं, ‘मॅडम, हिंदी ज्यांची घरची भाषा आहे तेच ने लावत नाहीत, मग?’ भोजपुरी, मगही, अवधी या भाषांत हा ‘ने’ नाही. तिथली माणसं हिंदी बोलताना तो गाळतात, जसे आपण ‘मैं’पुढचा गाळतो. दोघांच्या चुका सारख्या दिसतात, पण कारणं वेगळी आहेत. त्यांचं ऐकून आपली चूक पक्की होते, म्हणून निदान सुरुवातीला बातम्या आणि छापील मजकूर यांच्यावरच कान तयार करावा.

तिसऱ्या खेपेला त्याने पाठवलेल्या मजकुरात एकच चूक होती: ‘मैं अपने लिए नई किताब लाई’. ‘ने’ गाळला, ते अगदी योग्य. पण ‘ने’ गाळल्यावर ‘मैं’ कोरा झाला, म्हणजे क्रियापद आता किताबशी नाही, त्याच्याशी जुळणार: ‘मैं नई किताब लाया’. हेच वाक्य सीतेने लिहिलं असतं, तर ‘लाई’ बरोबर होतं.